गाणं जितकं जोरात मास्टर करावं, तितकं अपलोड झाल्यावर हळू का वाजतं?

अर्धीमात्रा

मी आणि माझा ड्रमर मित्र मिळून एक गाणं पूर्ण केलंय. चार मिनिटांचं आहे. पहिलं मिनिट फक्त गिटार आणि आवाज, मग ड्रम, बास, बाकीचा सगळा फौजफाटा. मिक्स मीच केलं, मास्टरही मीच केलं. शेवटी शिखरं दाबणारा लिमिटर लावून चांगलं आठ डीबी ढकललं. कॉम्प्युटरवर इतरांच्या गाण्यांच्या शेजारी लावलं तर कुठेही कमी पडत नाही, उलट जास्तच दणदणीत वाटतं.

अपलोड केलं आणि हवा गेली. इतरांच्या गाण्यानंतर आमचं लागलं की ड्रम चपटे वाटतात, आणि सुरुवातीचं मिनिट तर कान देऊन ऐकावं लागतं. मला वाटलं आपणच कमी ढकललं असणार. म्हणून आणखी दोन डीबी वाढवून दुसरी फाइल चढवली. ती पहिलीइतकीच वाजते! दोन डीबी गेले कुठे?

आवाज नक्की कोण कमी करतंय, आणि माझ्या हातात काय आहे, एवढंच हवंय. नवीन प्लगइनची शिफारस नको.

निरीक्षक

फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा असते, ती आधी बघा. नाहीतर ऑडॅसिटीत फाइल उघडून Normalize करा, -१ ठेवा. माझी सगळी रेकॉर्डिंग मी अशीच करतो, कधी तक्रार नाही.

अर्धीमात्रा

@निरीक्षक, इतरांची गाणी त्याच फोनवर व्यवस्थित वाजतात, तेव्हा फोनचा प्रश्न नसावा. आणि माझी फाइल आधीच शून्याला टेकलेली आहे. Normalize केलं तर ती एक डीबी खाली येईल, बाकी काही होणार नाही.

ठोकळेबाज

सोपं आहे. सगळ्या साइट्सचं स्टँडर्ड -१४ लफ्स. त्याच्या वर गेलात की ते तुमच्या गाण्यावर स्वतःचा कॉम्प्रेसर मारतात, म्हणून ड्रम चपटे. मास्टर बरोब्बर -१४ वर काढा, ते हात लावणार नाहीत. विषय संपला.

जुनाफेडर

विषय अजून सुरू व्हायचाय :)

अर्धीमात्रा, आधी मोजून घे. मीटर नसेल तर ffmpeg पुरे:

```
ffmpeg -nostats -i gane.wav -af ebur128=peak=true -f null -
```

सगळ्यात शेवटी Summary छापून येईल. त्यातल्या `I:` आणि `Peak:` या दोन ओळी इथे टाक. पहिली, आठ डीबीवाली फाइलच मोज.

अर्धीमात्रा

```
Integrated loudness:
  I:          -7.8 LUFS
True peak:
  Peak:        0.9 dBFS
```

लिमिटरची कमाल पातळी मी -०.१ ठेवली होती. मग हे ०.९ कुठून आलं?

जुनाफेडर

०.९ चं नंतर बोलू, आधी -७.८.

हा लफ्समधला आकडा पूर्ण गाण्याचा सरासरी जोर सांगतो. शिखरांशी त्याचा थेट संबंध नाही. साइटसुद्धा अपलोड झालेली फाइल जवळपास याच पद्धतीने मोजते आणि स्वतःच्या ठरवलेल्या पातळीशी ताडून बघते. यूट्यूब आणि स्पॉटिफाय -१४ धरतात, ॲपलचं साउंड चेक -१६. तुझं गाणं -७.८ आहे, म्हणजे -१४ पेक्षा ६.२ डीबी जास्त. ऐकणाऱ्याच्या प्लेअरमध्ये ते वाजताना ६.२ डीबी कमी करून वाजतं. फाइलला कोणी हात लावत नाही. तिच्यासोबत एक आकडा जातो, आणि प्लेअर तेवढा व्हॉल्यूम खाली धरतो.

तुझे दोन डीबी कुठे गेले ते यातच आहे. तू दोन डीबी वर ढकललंस, मोजमाप जितकं वर सरकलं, तितकीच कपातही वाढली. पाच डीबी ढकललेस तरी हेच होईल.

ठोकळेबाज, कॉम्प्रेसर कोणी मारत नाही. हे साधं गुणाकाराचं काम आहे, पूर्ण गाण्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गुणक. यूट्यूबवर स्वतः बघता येतं. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट-क्लिक करून `Stats for nerds` उघडा आणि `Volume / Normalized` ही ओळ वाचा. तिच्या शेवटी `content loudness` लिहिलेलं असतं, ते त्यांच्या पातळीपेक्षा गाणं किती डीबी वर किंवा खाली आहे ते.

अर्धीमात्रा

खाजगी व्हिडिओ म्हणून चढवून पाहिलं:

`Volume / Normalized 100% / 49% (content loudness 6.2dB)`

एकोणपन्नास टक्के!! अर्धं गाणंच कापलं की.

जुनाफेडर

घाबरू नकोस. ६.२ डीबी कमी म्हणजे लहरीची उंची ०.४९ पट. ६ डीबीला साधारण निम्मी होते. कानाला ते निम्मं वाटत नाही, त्यासाठी ढोबळ मानाने दहा डीबी लागतात. टक्केवारी सोडून दे, डीबी बघ.

ठोकळेबाज

कॉम्प्रेसर नाही म्हणता, पण यूट्यूबवर गिअरच्या मेन्यूत `Stable volume` नावाचं बटण आहे. ते हळू आणि जोरातला फरक कमी करतं, हे त्यांनीच सांगितलंय. आणि स्पॉटिफायमध्ये `Loud` निवडलं की लिमिटर लागतो. म्हणजे माझं चूक कसं?

जुनाफेडर

दोन्ही खरं आहे, आणि मी सरसकट "कोणी मारत नाही" म्हणायला नको होतं. पण ही दोन्ही ऐकणाऱ्याच्या हातातली बटणं आहेत. स्पॉटिफायचं `Loud` म्हणजे -११. हळू गाणी तिथवर उचलायची तर शिखरं शून्याला धडकणार, म्हणून लिमिटर. नेहमीच्या -१४ वर तो नसतो. आणि अर्धीमात्राचं गाणं आधीच -७.८ आहे, त्यामुळे `Loud` मध्येही ते खालीच येणार. तिचे ड्रम तिथे चपटे झाले नाहीत, ते चपटे होऊनच तिथे पोचले.

कानफुटी

आता मी बोलतो, कारण मी -६ वर मास्टर करणाऱ्यांपैकी आहे आणि लाज वाटत नाही. चार्टवरची निम्मी गाणी -७, -८ ला असतात. तीही कापली जातात, आणि तरी मस्त वाजतात. -१४ ला मास्टर करा हा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची गाणी कोणी ऐकलीयत का? ह.घ्या.

शिवाय प्लेअरमधली ही कपात, म्हणजे नॉर्मलायझेशन, बंद करून ऐकणारे आहेतच. त्यांच्याकडे हळू गाणं पडेलच.

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवते. चांगला चाललाय धागा.

जुनाफेडर

कानफुटी, तुझ्याशी भांडण नाही. दाबलेला आवाज हवा म्हणून दाबला असेल तर खुशाल दाब. वाद फक्त "जोरात वाजावं म्हणून" दाबणाऱ्यांशी आहे, कारण तो हेतू आता साध्य होत नाही.

अर्धीमात्रा, तुझं प्रोजेक्ट उघड. लिमिटरचं ते आठ डीबी ढकलणं शून्यावर आण, शिखरं -१ च्या वर जाणार नाहीत एवढंच बघ आणि दुसरी फाइल काढ. तीही मोज. मग दोन्ही फाइली एकाखाली एक ट्रॅकवर ठेव आणि जोरातवाली इतकी खाली घे की दोघींचे `I` आकडे सारखे होतील. मगच ऐक. याआधी तू केलेली प्रत्येक तुलना जोरातवालीच्या बाजूने झुकलेली होती, कारण एकच गाणं दोन डीबी वर वाजलं तरी कान त्यालाच "चांगलं" म्हणतो.

अर्धीमात्रा

केलं. हलक्या फाइलचे आकडे: `I: -13.5 LUFS`, `Peak: -1.0 dBFS`.

जोरातवाली ५.७ डीबी खाली घेतली आणि मित्राला न सांगता आलटून पालटून वाजवलं. त्याने प्रत्येक वेळी हलकीच निवडली, आणि वर विचारलं की "याच्यात स्नेअर बदललास का?" स्नेअर तोच आहे.

पण मला कळत नाहीये. दोन्ही सारख्या जोरात आहेत, मग एकीचा स्नेअर जास्त कसा?

जुनाफेडर

तुझेच आकडे घेऊ.

जोरातवाली फाइल: सरासरी -७.८, शिखर +०.९. सरासरीच्या वर शिखर ८.७ डीबी. हलकी फाइल: सरासरी -१३.५, शिखर -१. इथे शिखर १२.५ डीबी वर. आता दोन्ही साइटवर -१४ ला आल्या. जोरातवालीची शिखरं -१४ च्या वर ८.७, म्हणजे -५.३ ला. हलकीची -१.५ ला. स्नेअरची थाप पडते त्या क्षणी हलकी फाइल ३.८ डीबी उंच जाते. सरासरी तीच, थाप मोठी.

लिमिटर काय करतो ते आठव. तू सगळं आठ डीबी उचललंस, पण वर जागा नव्हती. मग जे जे शून्याच्या वर निघालं ते त्याने दाबलं. दाबला गेला तो स्नेअर आणि किक, कारण शिखरं त्यांचीच होती. टेकड्या सपाट करून पठार केलंस. साइटने ते पठार ६.२ डीबी खाली ठेवलं, पण पठार खाली ठेवल्याने टेकड्या परत उगवत नाहीत. वर आता पाच डीबी रिकामी जागा आहे आणि ती वापरायला गाण्यात काही उरलेलं नाही.

पूर्वी सीडीच्या काळात ही जागा वाया जात नसे, कारण खाली कोणी आणतच नव्हतं. पठार शून्याला टेकलेलं राही, म्हणून शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजे. व्यवहार फायद्याचा होता. आता तोटा तेवढा शिल्लक आहे.

कानफुटी

सगळं मान्य, एक सोडून. तुमचा मीटर खालचा बास नीट मोजतच नाही. मी चाळीस हर्ट्झचा सब लावतो. तो शिखरं खातो, लिमिटरला घाम फोडतो, आणि मीटरला त्याचं फारसं काही वाटत नाही. उलट तीन हजारच्या आसपास करकरणारी गिटार असेल तर तिचा आकडा लगेच वर जातो. म्हणजे -१४ ला आणलेली दोन गाणी कानाला सारखी वाटतीलच असं नाही.

जुनाफेडर

बरोबर आहे. मोजण्याआधी आवाज एका चाळणीतून जातो. तिच्यात साधारण शंभर हर्ट्झच्या खाली उतार आहे आणि दोन हजारच्या वर सुमारे चार डीबीची चढण. भारी सब आणि मऊ वरचा भाग असलेलं गाणं या मीटरवर स्वस्तात सुटतं. तेच गाणं फोनच्या स्पीकरवर लावलं, जिथे सब मुळात ऐकूच येत नाही, तर वेगळी कथा. ही मोजपट्टी प्रसारणासाठी आखलेली आहे, २००६ पासूनची आहे. क्लबमध्ये छातीत काय बसतं ते तिला विचारू नये.

बोलका_पोपट

मध्येच घुसतो, माझी अडचण उलटी आहे. मी गप्पांचे एपिसोड टाकतो. माझा आवाज कोणी वाढवतच नाही! गाण्यांना कमी करतात, मग आम्हाला वर घ्यायला काय हरकत आहे? मोजलं तर -१९ येतं. -१४ ला न्यायला पाच डीबी हवेत, ते मिळत नाहीत. यूट्यूबच्या त्या ओळीत उणे आकडा दिसतो आणि पुढे 100% / 100%.

जुनाफेडर

यूट्यूब फक्त खाली आणतं, वर उचलत नाही. म्हणून तुमचे शंभर टक्के शंभरच राहिले.

स्पॉटिफाय गाणी वर उचलतं, पण शिखराला -१ पर्यंत जागा असेल तेवढंच. त्यांचंच उदाहरण आहे: गाणं -२० लफ्स, शिखर -५. सहा डीबी हवेत, पण चार दिल्यावर शिखर -१ ला पोचतं. तिथेच थांबतात, गाणं -१६ वर राहतं. बोलण्यात तर "प" आणि "ब" चे फटके आणि हसण्याचे स्फोट शिखर खाऊन बसतात. तुमच्या बाबतीत थोडं लिमिटर लावणं हे खरोखर कामाचं आहे. इथे अर्धीमात्राला दिलेला सल्ला उलटा लागू होतो. दोन-चार मोठ्या हसण्यांना आवर घातलात तर बाकी सगळं बोलणं तीन-चार डीबी वर घेता येईल, आणि कोणाला कळणारही नाही.

एक विचारतो, फाइल मोनो आहे का?

बोलका_पोपट

हो, एकच माइक. मोनो.

जुनाफेडर

मग तीच फाइल डावीउजवीकडे सारखी ठेवून स्टिरिओ काढा आणि पुन्हा मोजा.

बोलका_पोपट

-१६ आलं! आवाज तोच, फाइल तीच, तीन डीबी फुकट?

जुनाफेडर

फुकट नाही :) मोजताना दोन्ही वाहिन्यांची ऊर्जा बेरजेत धरतात. एकच वाहिनी असली तर एकदाच मोजली जाते. मोनो फाइल दोन स्पीकरमधून वाजते तेव्हा कानाला स्टिरिओइतकीच ऐकू येते, पण मीटरला तीन डीबी हळू दिसते. ffmpeg मध्ये याच्यासाठी `dualmono=true` आहे. म्हणून मोनो बोलणं -१९ आणि स्टिरिओ -१६ हे एकाच जागेला पोचतात.

ठोकळेबाज

मग साइट कोणतं धरते? मोनो फाइल चढवली तर ती -१९ समजून सोडून देणार की -१६ समजून?

बोलका_पोपट

मी दोन्ही फाइली चढवून ती ओळ बघतो. कळवतो.

अर्धीमात्रा

माझं सुरुवातीचं मिनिट राहिलंच की. गिटार आणि आवाज. हलक्या फाइलमध्येही ते फार खाली वाटतंय, खरं सांगायचं तर जोरातवालीपेक्षाही खाली. मग लिमिटर चांगला होता की वाईट?

जुनाफेडर

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. सुरुवातीचा तुकडा कापून वेगळा मोज, दोन्ही फाइलींतला.

अर्धीमात्रा

जोरातवालीत -२०, हलकीत -२८.

जुनाफेडर

अपेक्षेप्रमाणे. तू आठ डीबी ढकललेस तेव्हा सुरुवातीच्या मिनिटाला लिमिटरने हातच लावला नाही, तिथे शिखरं नव्हती. ते पूर्ण आठ डीबी वर आलं. ड्रमवाला भाग मात्र ५.७ च वर आला, बाकीचे दबले. म्हणजे हळू आणि जोरात यांतलं अंतर दोन-सव्वादोन डीबीने कमी झालं. साइटवर आल्यावर जोरातवालीची सुरुवात -२६.२ ला आणि हलकीची -२८.५ ला. तुझे कान बरोबर सांगतायत. या एका बाबतीत लिमिटरची मदतच झाली, फक्त त्याची किंमत स्नेअरने भरली.

आता गंमत. तुला वाटत असेल की एक मिनिट इतकं हळू आहे तर सरासरी खाली यायला हवी, आणि साइटने कमी कापायला हवं. तसं होत नाही, कारण मोजमापाला फाटक आहे. गाणं ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत मोजतात. आधी एक कच्ची सरासरी काढतात, मग त्या सरासरीच्या दहा डीबी खाली एक रेघ मारतात. रेघेखालचे तुकडे हिशेबातून बाहेर, उरलेल्यांची सरासरी हाच शेवटचा आकडा. -७० च्या खालची शांतता तर पहिल्या फेरीतच बाहेर जाते. हे प्रसारणासाठी २०११ मध्ये आणलं, म्हणजे मधल्या शांततेमुळे कार्यक्रमाची सरासरी खोटी खाली जाऊ नये.

तुझ्या हलक्या फाइलची कच्ची सरासरी -१४.७ च्या आसपास येईल, रेघ -२४.७. सुरुवातीचं मिनिट -२८, म्हणजे फाटकाबाहेर. मीटरच्या लेखी तुझं गाणं तीनच मिनिटांचं आहे. पण व्हॉल्यूम कमी होतो तो चारही मिनिटांचा.

अर्धीमात्रा

म्हणजे ज्या मिनिटाला मोजलंच नाही त्यालाही शिक्षा?

जुनाफेडर

अगदी. उपाय लिमिटरमध्ये शोधू नकोस, मिक्समध्ये आहे. सुरुवातीचा आवाज आणि गिटार ऑटोमेशनने चार डीबी वर घे, ड्रम येतात त्याच्या आधी दोन ओळींत हळूहळू मूळ जागी आण. ड्रम आले की धक्का तसाच बसेल, कारण कानाला बदल कळतो, नेमका आकडा नाही. मग पुन्हा मोज आणि आकडा सांग. मला अंदाज आहे काय होणार ते, पण तूच बघ.

अर्धीमात्रा

हे काय आहे??? सुरुवात चार डीबी वाढवली आणि पूर्ण गाण्याचा आकडा -१३.५ वरून -१४.४ वर खाली आला. बाकी एकाही फेडरला हात लावलेला नाही. दोनदा मोजलं.

ठोकळेबाज

शक्य नाही. आवाज वाढवला तर मीटर वर जाणार.

जुनाफेडर

शक्य आहे आणि हेच होणार होतं. सुरुवात -२८ होती तेव्हा रेघेखाली होती, मोजलीच जात नव्हती. आता ती -२४ झाली. रेघ आहे -२४.६ च्या आसपास. बहुतेक तुकडे फाटकाच्या आत आले आणि मोजले जाऊ लागले. ते ड्रमवाल्या भागापेक्षा हळू आहेत, म्हणून सरासरी ओढली गेली. काही श्वास आणि थांबे अजून बाहेर असतील, नाहीतर आकडा -१४.६ पर्यंत गेला असता.

याचा एक व्यावहारिक फायदा आहे. पुढे तू लिमिटर थोडा लावशील तेव्हा हे गाणं त्याच दाबावर आधीपेक्षा जवळपास एक डीबी कमी कापलं जाईल. सुरुवातही वर, ड्रमही वर.

ठोकळेबाज

च्यायला. बरं, मग अल्बमचं काय? एक गाणं पूर्ण हळू असेल तर तेही बाकीच्यांएवढं उचलून ठेवणार?

जुनाफेडर

स्पॉटिफायवर अल्बम सलग ऐकला तर पूर्ण अल्बमला एकच गुणक लावतात, गाण्यांमधला फरक जपला जातो. शफलमध्ये किंवा प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाणं सुटं.

कानफुटी

अर्धीमात्रा, आता -१४.४ ला चढवू नकोस प्लीज. ज्याने नॉर्मलायझेशन बंद ठेवलंय त्याच्याकडे तू खरंच हळू वाजशील.

अर्धीमात्रा

तेच विचारणार होते. -१४ ला आणायचं की नाही?

जुनाफेडर

-१४ हे तुझं उद्दिष्ट नाही, ती त्यांची सोय आहे. -१४.४ ला चढवलंस तरी बिघडत नाही, -१० ला चढवलंस तरी नाही. मी काय करतो ते सांगतो. दोन-तीन डीबी लिमिटर लावतो, आणि प्रत्येक पायरीला आवाजाची पातळी जुळवून आधीच्याशी ताडतो. ज्या पायरीला स्नेअर मागे सरकतो त्याच्या एक पायरी अलीकडे थांबतो. आकडा जो येईल तो येईल. कधी -१२ येतो, कधी -९. कानफुटीसारख्या दाट इलेक्ट्रॉनिक संगीतात -८ लाही काही मागे सरकत नाही, कारण तिथे टेकड्या मुळातच कमी असतात.

फक्त लिमिटरमध्ये ट्रू पीक चालू कर आणि कमाल -१ ठेव. तुझं ०.९ त्यातूनच आलं होतं. फाइलमधले सगळे ठिपके -०.१ च्या खाली होते, पण प्रत्यक्ष लहर दोन ठिपक्यांच्या मधून जाते आणि तिथे ती एक डीबी वर निघाली. भरपूर दाबलेल्या गाण्यात हे हमखास होतं. त्यात साइट फाइलचं रूपांतर लहान फॉरमॅटमध्ये करते तेव्हा शिखरं अजून थोडी सरकतात. गाणं -१४ च्या वर असेल तर स्पॉटिफाय -२ ठेवायला सांगतं, ते याच कारणाने.

कानफुटी

यावर माझं एक. व्हॉल्यूम तर प्लेअर सहा डीबी खाली घेतोच, मग ०.९ वर गेलेलं शिखर फुटणार कुठे? ते -५ ला पोचलेलं असतं.

जुनाफेडर

डिकोडर आतून फ्लोटमध्ये चालत असेल आणि गुणक त्यानंतर लागत असेल तर फुटत नाही, खरंय. आधीच पूर्णांकात कापलं गेलं असेल तर फुटलेलंच शिखर खाली येतं. कुठल्या फोनवर कुठल्या क्रमाने काय होतं ते आपल्या हातात नाही. आणि तूच म्हणतोस की नॉर्मलायझेशन बंद ठेवणारे असतात. त्यांच्याकडे गुणकच नाही.

कानफुटी

हं. तिथे पकडलंत. तरी मी -०.३ च्या खाली जाणार नाही.

बोलका_पोपट

दोन्ही फाइली चढवून पाहिल्या. स्टिरिओवाल्याला `content loudness -2.0dB` दिसतं. मोनोवाल्यालाही तेच!

जुनाफेडर

मग त्यांच्याकडे रूपांतरात ती दोन वाहिन्यांची होत असावी आणि मोजणी त्यानंतर. एकाच साइटवरची एकच चाचणी आहे, सगळीकडे असंच धरू नका. बाकी ठिकाणी मी तरी स्टिरिओच देत जाईन.

अर्धीमात्रा

आत्ताची स्थिती: सुरुवात चार डीबी वर, लिमिटर तीन डीबी, ट्रू पीक -१. `I: -11.7 LUFS`. खाजगी चढवून पाहिलं तर `content loudness 2.3dB` आणि 77%. स्नेअर जिवंत आहे, पहिलं मिनिट फोनवर नीट ऐकू येतंय.

मित्राला मात्र आता जोरातवाली हवीये. कारण त्याने ती गाडीत पेनड्राइव्हवरून लावली, आणि तिथे कोणी काही खाली आणत नाही.

कानफुटी

मी म्हटलं होतं.

जुनाफेडर

पेनड्राइव्हवर जोरातवाली दे त्याला. चढव मात्र ही. दोन फाइली ठेवायला कोणाची ना नाही, नावं तेवढी नीट ठेव, नाहीतर चुकून दुसरीच चढेल.